खारट बोअरचं पाणी आणि 75 वरचं खोटं आर्सेनिक

नमुना मिरज तालुक्यातल्या एका बोअरचा होता. आजूबाजूला वर्षानुवर्षं पाट सोडून पिकवलेला ऊस आणि त्यानं क्षारपड झालेली जमीन. मी सांगलीच्या एका पाणी तपासणी प्रयोगशाळेत एम.एस्सी. करून नुकता लागलो होतो, आणि आयसीपी-एमएसवर, म्हणजे पाण्यातली मूलद्रव्यं त्यांच्या वस्तुमानावरून मोजणाऱ्या यंत्रावर, स्वतंत्रपणे चालवलेला तो माझा तिसरा की चौथा रन. पडद्यावर आर्सेनिक आलं 12.5 पीपीबी. आयएस 10500 मधली मर्यादा 0.01 मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे 10 पीपीबी. त्या बोअरवर पंचवीस-तीस घरं पाणी भरत होती. रिपोर्ट गेला असता तर बोअर बंद झाला असता.

मी घाईनं रिपोर्ट लिहिला नाही. शिकवल्याप्रमाणे सगळ्या तपासण्या केल्या आणि त्या सगळ्या पास झाल्या. नव्यानं या यंत्रावर बसणाऱ्यांनी नेमकी हीच जागा नीट समजून घ्यावी, म्हणून हे लिहितोय.

आधी नमुना पाचपट पातळ केला. 2.5 आलं, पाचनं गुणलं की पुन्हा 12.5. मग मूळ नमुन्यात 10 पीपीबी आर्सेनिकचा स्पाइक टाकला. 22.3 आलं, रिकव्हरी 98 टक्के. पिण्याच्या पाण्याचं प्रमाणित संदर्भ द्रावणही आपल्या हद्दीत बसलं. मला वाटलं, आता शंकेला जागाच नाही. मी फाइल घेऊन मॅडमकडे गेलो. त्यांनी आर्सेनिकच्या आकड्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी विचारलं, "याचं क्लोराइड किती आहे?"

क्लोराइड शेजारच्या टेबलावर सिल्व्हर नायट्रेटनं काढलेलं होतं, विटकरी रंग येईपर्यंत टायट्रेशन करून. 920 मिलिग्रॅम प्रति लिटर.

"मग हे आर्सेनिक कशावरून?" त्या म्हणाल्या. "यंत्राला फक्त 75 दिसतं."

आर्सेनिकचा एकच स्थिर समस्थानिक आहे, 75. दुसरं वस्तुमान निवडून पळवाट काढता येत नाही. नमुन्याचे आयन ज्यात बनतात तो प्लाझ्मा आर्गॉनचा असतो आणि आर्गॉन बहुतेक सगळा 40 वस्तुमानाचा. पाण्यातल्या क्लोरीनचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग 35 चा. प्लाझ्मातून कोनच्या, म्हणजे आयन यंत्रात घेणाऱ्या शंकूच्या, दिशेनं येताना हे दोन जोडले गेले की 40 आणि 35 मिळून 75 होतात. वस्तुमानाप्रमाणे आयन निवडणाऱ्या क्वाड्रुपोलला आर्गॉन-क्लोराइड आणि आर्सेनिक यांतला फरक कळत नाही, कारण वस्तुमानातला बारीक फरक ओळखण्याइतकी त्याची विभेदनक्षमता नसते. अनेक अणू मिळून झालेल्या अशा आयनांच्या व्यत्ययाला आपण पॉलिअ‍ॅटॉमिक इंटरफेरन्स म्हणतो.

आता माझ्या तिन्ही तपासण्या का पास झाल्या ते बघा. खोटा सिग्नल क्लोराइडच्या प्रमाणात तयार होतो. नमुना पाचपट पातळ केला की क्लोराइडही पाचपट पातळ होतं, म्हणून खोटं आर्सेनिकही इमानानं पाचपट कमी होतं. स्पाइक टाकताना खोट्या आकड्यावर खऱ्या दहाची भर पडते. मोजतो आपण दोन्हींतला फरक, म्हणून रिकव्हरी चोख येते. संदर्भ द्रावणात क्लोराइड जवळजवळ नव्हतंच. पातळ करणं आणि स्पाइक या दोन्ही गोष्टी सिग्नल दाबला जातो का हे शोधायला उत्तम आहेत. वर चढवलेली भर त्यांना दिसत नाही.

ही भर पकडायला वेगळं द्रावण लागतं, आणि ते मॅडमनी त्याच दुपारी माझ्याकडून करवून घेतलं. अतिशुद्ध सोडियम क्लोराइड 1.65 ग्रॅम, 1 टक्का नायट्रिक आम्लात एक लिटर. यात क्लोराइड होतं 1000 मिलिग्रॅम प्रति लिटर आणि आर्सेनिक टाकलेलं नाही. आम्ही याला मॅट्रिक्स ब्लँक म्हणतो. यंत्रातल्या कोलिजन सेलमध्ये, म्हणजे असे व्यत्यय गाळणाऱ्या कक्षात, वायू नसताना ते चालवलं, तर यंत्रानं त्यात 12.7 पीपीबी "आर्सेनिक" दाखवलं. त्या हिशेबानं 920 क्लोराइडचे साधारण 11.7 होतात. बोअरच्या 12.5 मधून ते वजा करा, उरतं 0.8. हा 12.7 आकडा आमच्या यंत्राचा आणि त्या दिवसाचा. तुमच्या प्लाझ्माच्या स्थितीप्रमाणे तो वेगळा येईल, म्हणून दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नका.

सेलची सोय नव्हती तेव्हा लोक समीकरण लावून हे दुरुस्त करायचे, आणि ते एकदा हातानं करून पाहावं असं माझं मत आहे. क्लोरीनचा दुसरा समस्थानिक 37 चा आहे. तो आर्गॉनशी जोडला गेला की 77 वर दिसतो. 35 आणि 37 यांचं नैसर्गिक प्रमाण ठरलेलं आहे, 3.127 ला 1. मात्र 77 वर सेलेनियमही बसतं, म्हणून त्याचा वाटा 82 वरून काढून टाकायचा:

```
As = I75 - 3.127 * (I77 - 0.815 * I82)
```

त्या बोअरच्या नमुन्यात 75 वर सेकंदाला 30,000 काउंट्स होते. सेलेनियमचा वाटा आणि ब्लँक काढल्यावर 77 वर 8,950 उरले. त्यांना 3.127 नं गुणलं की सुमारे 28,000. शिल्लक 2,000. 1 पीपीबीला 2,400 काउंट्स या दरानं ते 0.83 पीपीबी होतात. उत्तर बरोबर दिसतं, पण ते किती नाजूक आहे पाहा. 77 च्या मोजणीत 3 टक्के चूक झाली, तर गुणाकारानंतर ती 840 काउंट्सची होते, म्हणजे 0.35 पीपीबी. मोठ्या आकड्यातून मोठा आकडा वजा करून राहिलेल्या लहानशा शिलकीवर आपण बोअरचा निकाल देतो. शिवाय 77 वर आर्गॉनचे दोन अणू आणि हायड्रोजन मिळूनही येतात. म्हणून समीकरण मी पडताळणीसाठी वापरतो, रिपोर्टसाठी नाही.

रिपोर्टसाठी कोलिजन सेल. त्यात हेलियम सोडतात. हेलियम आर्गॉन-क्लोराइडशी रासायनिक अभिक्रिया करत नाही. तो फक्त धडका देतो. एकाच वस्तुमानाचे दोन आयन सेलमध्ये शिरले, तर दोन अणूंचा आयन आकारानं मोठा असतो, म्हणून वाटेत त्याला जास्त धडका बसतात आणि त्याची ऊर्जा जास्त खर्च होते. सेलमधून बाहेर पडायच्या टोकाशी क्वाड्रुपोलचा बायस सेलपेक्षा काही व्होल्ट धन ठेवून एक उंबरठा केलेला असतो. दमलेला आर्गॉन-क्लोराइड तो ओलांडू शकत नाही, आर्सेनिक ओलांडतं. आर्सेनिकचेही बरेच आयन वाटेत गळतात, पण तुलनेनं कमी.

इथं नव्या माणसाची सवय असते की कंपनीनं दिलेला हेलियमचा प्रवाह तसाच ठेवायचा. तो आपल्या यंत्रावर एकदा काढून बघा. मात्र आधी प्लाझ्मा ट्यून करा. टॉर्चची जागा आणि नेब्युलायझरचा प्रवाह असा जुळवा की सेरियम ऑक्साइडचं प्रमाण, म्हणजे 156 ला 140 नं भागून येणारं, दीड ते दोन टक्क्यांच्या आत राहील. ते जास्त असेल तर प्लाझ्मा पुरेसा गरम राहत नाही आणि सेलवरचं ओझं वाढतं. ते ठीक बसल्यावर हेलियमकडे वळा. मॅट्रिक्स ब्लँक आणि 10 पीपीबीचं आर्सेनिक, दोन्ही आळीपाळीनं चालवत प्रवाह अर्ध्या अर्ध्या मिलिलिटरनं वाढवायचा. आमच्याकडे मिनिटाला 3 मिलिलिटरला मॅट्रिक्स ब्लँकमधलं खोटं आर्सेनिक 0.7 पीपीबी होतं, 4 ला 0.12, 4.5 ला 0.05. 5 ला गेलो तरी 0.05 च राहिलं, पण खऱ्या आर्सेनिकचा सिग्नल 1 पीपीबीला 700 काउंट्सवरून 520 वर उतरला. म्हणून 4.5. त्यापुढचा हेलियम फक्त संवेदनशीलता खातो. सिग्नल कमी झाल्याची भरपाई म्हणून 75 वर मोजणीचा वेळ वाढवला, आणि 0.5 पीपीबीचं प्रमाणित द्रावण व्यवस्थित वाचलं जातंय ना, हे प्रत्येक रनमध्ये पाहू लागलो.

या सेटिंगवर बोअरचं पाणी पुन्हा लावलं. 75 वर 560 काउंट्स आले, म्हणजे 0.8 पीपीबी. मॅट्रिक्स ब्लँकनं सांगितलेलं, समीकरणानं दिलेलं आणि हेलियमनं मोजलेलं, तिन्ही उत्तरं एकाच ठिकाणी येऊन टेकली. त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की आता मी सही करू शकतो.

अंतर्गत मानक म्हणजे सिग्नलची चढउतार दुरुस्त करायला सगळ्या द्रावणांत सारखंच घातलेलं मूलद्रव्य, आमच्याकडे जर्मेनियम. त्याची एक चूक मी नंतरच्या रनमध्ये केली. जर्मेनियम विनावायू मोडमध्ये मोजलं होतं आणि आर्सेनिक हेलियम मोडमध्ये, आणि पद्धतीच्या फाइलमध्ये दोन्हींची जोडी लागली होती. खारट नमुन्यांत दोन्ही मोडमधला सिग्नल सारखाच हलतो असं नाही, त्यामुळे स्पाइक 85 टक्क्यांवर आला. अंतर्गत मानक त्याच मोडमध्ये मोजलेलं हवं, ही ओळ रन सुरू करण्यापूर्वी पडद्यावर स्वतः डोळ्यांनी तपासा.

दुसरी चूक सिलिंडरची. हेलियमचा नवा सिलिंडर लावला आणि पंधरा मिनिटांत रन सुरू केला. नळीत शिरलेली हवा अजून पुरती निघालेली नव्हती. कोबाल्टचा 59 वरचा सिग्नल पडला, आणि आर्गॉनच्या दोन अणूंचं 78 वरचं पार्श्वमान नेहमीसारखं खाली येईना. 59 आणि 78 ही जोडी रोज वहीत लिहीत गेलात तर असा दिवस लगेच ओळखू येतो. आता सिलिंडर बदलला की सेलमधून किमान तासभर हेलियम वाहू देतो आणि मगच ट्यून करतो.

हेलियमनं सगळं सुटत नाही. लिथियम, बेरिलियम, बोरॉन यांसारखे हलके आयन सेलमध्ये फार गळतात, ते विनावायूच मोजावेत. आणि 75 वर आणखी एक पाहुणा येऊ शकतो: निओडिमियम किंवा समारियमचा 150 वस्तुमानाचा, दोन धनभार असलेला आयन. यंत्र वस्तुमानाला भारानं भागतं, म्हणून तो 75 वर बसतो, आणि तो एकच अणू असल्यानं हेलियमचा उंबरठा त्याला अडवत नाही. स्वच्छ बोअरच्या पाण्यात ही दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं नगण्य असतात. पण पावसाळ्यात कृष्णेचं गढूळ पाणी येतं, गढूळपणा 1 एनटीयूच्या वर असतो, आणि आम्लात पचवल्यावर गाळातलं बरंच काही विरघळतं. अशा नमुन्यात मी निओडिमियमचं 146 आणि समारियमचं 147 ही वस्तुमानं यादीत घालतो. तिथं काही दिसलं तर 75 चा आकडा लगेच मानत नाही.

त्या बोअरचा रिपोर्ट 0.8 पीपीबी आर्सेनिक असा गेला. क्लोराइड मात्र 920 होतं तसंच लिहिलं, 250 च्या स्वीकार्य मर्यादेच्या कितीतरी वर, आणि घरांना त्या पाण्याची खरी अडचण तीच होती. तेव्हापासून आमच्या प्रत्येक रनच्या यादीत ब्लँकच्या लगेच खाली 1000 क्लोराइडचा मॅट्रिक्स ब्लँक असतो, आणि तो 0.1 पीपीबीच्या वर वाचला गेला तर नमुने लावत नाही.