स्विमलेन नकाशा काढला, पण खरेदीतला उशीर सापडत नाही? या चुका टाळा

खरेदी मंजुरीचा स्विमलेन काढायला बसलं की बैठकीतलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘प्लांट हेडकडे फाइल अडकते.’ मग नकाशाही तसाच निघतो. मेंटेनन्स, स्टोअर्स, एचओडी, परचेस, अकाउंट्स, प्लांट हेड अशा आडव्या लेन, त्यांत सात-आठ चौकोन आणि सगळे बाण डावीकडून उजवीकडे सरळ. दिसायला छान, पण एसओपी समोर ठेवून काढलेला. त्यात उशीर दिसणार कुठून?

चूक पहिली: परतीचे बाण न काढणं. माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच. एक नमुना घेऊ. मेंटेनन्सने सोमवारी, 3 तारखेला पंपाच्या मेकॅनिकल सीलचा इंडेंट टाकला. स्टोअर्सने 5 ला ‘स्टॉक नाही’ असा शेरा दिला, एचओडींनी 6 ला मंजुरी दिली. परचेसने 7 ला उघडलं तर शाफ्टचं माप लिहिलेलंच नाही. मापाशिवाय व्हेंडर कोटेशन देणार नाही, म्हणून इंडेंट परत. परतीचा मेल गेला विभागाच्या सामाईक आयडीवर, तो 10 ला कुणाच्या तरी नजरेस पडला. माप 12 ला भरलं गेलं. इंडेंटमध्ये बदल झाल्यामुळे सिस्टिमने आधीची मंजुरी रद्द केली. एचओडींना वाटलं, ‘मी तर कधीच मंजूर केलंय.’ दुसरी मंजुरी आली थेट 14 ला. मग 17 ला व्हेंडरांना चौकशी, 19 पर्यंत तीन कोटेशन, 20 ला कम्पॅरेटिव्ह आणि अकाउंट्सची बजेट तपासणी, 21 ला प्लांट हेडची सही आणि पीओ.

आता हिशोब करा. 3 ते 21 म्हणजे 18 दिवस. त्यातले 7 ते 14 हे सात दिवस एका न भरलेल्या मापाने खाल्ले आणि त्या आठवड्यात खरं काम अर्ध्या तासाचंसुद्धा नव्हतं. प्लांट हेडकडे गेला फक्त एक दिवस!

चूक दुसरी: रिपोर्टमधल्या तारखांवर विसंबणं. बऱ्याच ठिकाणी रिपोर्टमध्ये मंजुरीची फक्त शेवटची तारीख उरते. वरच्या उदाहरणात रिपोर्ट सांगेल: इंडेंट 3 ला, एचओडी मंजुरी 14 ला. म्हणजे एचओडींनी अकरा दिवस लावले! बिचाऱ्यांनी पहिल्यांदा एका दिवसात काम केलं होतं, ते रिपोर्टमधून पुसलं गेलं आणि परतीचा फेराही गायब झाला. म्हणून पीओ निघालेले आठ-दहा इंडेंट घ्या आणि प्रत्येकाचा बदलांचा इतिहास व मेल उघडून एकेक तारीख उतरवा. ‘अर्जंट’ शिक्क्याचे इंडेंट वेगळे ठेवा. ते फोनाफोनीने पळवलेले असतात आणि सरासरी उगाच चांगली दाखवतात.

चूक तिसरी: वेळ चौकोनात लिहिणं. ‘स्टोअर्स तपासणी: 2 दिवस’ असं लिहिलं की स्टोअर्सवाले चिडतात, आणि ते बरोबरही असतात. तपासणी दहा मिनिटांची असते. इंडेंट पडून राहतात, कारण ते साठवून बुधवारी एकदम पाहिले जातात. लेन ओलांडणाऱ्या प्रत्येक बाणावर तीन वेळा लिहा: कधी आलं, कधी उघडलं, कधी पुढे गेलं. पहिल्या दोहोंतलं अंतर म्हणजे निव्वळ वाट पाहणं. उघडल्यापासून पुढे जाईपर्यंतही अंतर मोठं असेल, तर मध्ये माहितीसाठी कुठेतरी फोन गेला असणार. तो बाणही काढा.

व्हेंडरची लेन वगळू नका, नाहीतर 17 ते 19 चा काळ परचेसच्या माथी बसतो. आणि लेनवर माणसाचं नाव नको, भूमिका लिहा. नाव दिसलं की लोक खरी तारीख सांगत नाहीत.

नकाशा बरोबर निघाल्याची माझी खूण अशी: बाणांवरचे दिवस जोडले की बेरीज इंडेंट ते पीओ या एकूण कालावधीएवढी आली पाहिजे. दोन-चार दिवस कमी पडत असतील, तर एखादा फेरा अजून लपलेला आहे.

वरच्या उदाहरणात दुरुस्ती सह्यांच्या आसपास नव्हतीच. सीलच्या इंडेंटमध्ये शाफ्टचं माप आणि पंपाचं मॉडेल हे रकाने सक्तीचे करायचे, परतीची सूचना सामाईक आयडीऐवजी इंडेंट टाकणाऱ्यालाच पाठवायची. तिसरा बदल मात्र अकाउंट्सशी बोलूनच करावा: रक्कम आणि नग तेच असतील आणि फक्त वर्णन दुरुस्त केलं असेल, तर पुन्हा मंजुरी लागावी का? ऑडिटला हे चालणार नसेल, तर निदान दुसऱ्या मंजुरीच्या सूचनेत ‘माप भरलं, रक्कम तीच’ एवढं दिसू द्या. म्हणजे एचओडी ती जुनी समजून बाजूला टाकणार नाहीत.