सर्वेक्षणाचा अहवाल लिहिताना या चुका टाळा

पहिल्या पानावर ठळक अक्षरांत टक्केवारी, मध्ये रंगीत आलेख, आणि कोणाला, किती जणांना व कसे विचारले याचा उल्लेख शेवटच्या परिशिष्टात, अशी रचना असलेले अहवाल माझ्याकडे तपासणीसाठी सतत येतात. नवशिक्यांना निष्कर्षाची घाई असते, म्हणून पद्धतीचा मजकूर सर्वांत शेवटी, उरलेल्या वेळात लिहिला जातो.

एका स्वयंसेवी संस्थेचा घंटागाडीविषयीचा अहवाल माझ्यापुढे आला तेव्हा त्याचे मुखपृष्ठसुद्धा छापून झाले होते. त्यावर ‘शहरातील 82 टक्के नागरिक घंटागाडीच्या सेवेवर समाधानी’ असे लिहिले होते. परिशिष्ट उघडल्यावर कळले की प्रश्नावली गूगल फॉर्मवर होती, ती गृहनिर्माण सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरवली होती आणि 214 जणांनी ती भरली होती. सोसायटीच्या फाटकाशी गाडी रोज थांबते. ज्या वस्त्यांच्या बोळांत ती शिरूच शकत नाही, तिथल्या कोणालाही हा फॉर्म मिळाला नव्हता. म्हणजे आकडा खरा होता, पण ‘शहरातील नागरिक’ हे दोन शब्द खोटे होते.

त्यावर कडी म्हणजे ‘चूक-मर्यादा ±7 टक्के’ अशी तळटीप होती. 214 हा आकडा एखाद्या संकेतस्थळावरच्या गणकयंत्रात टाकला की 95 टक्के विश्वासपातळीला साधारण एवढेच उत्तर मिळते, हे खरे. परंतु ते गणित यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या नमुन्यासाठी असते. ज्याच्या हाती फॉर्म पडला आणि ज्याला वाटले त्याने तो भरला, अशा नमुन्यासाठी ही तळटीप म्हणजे उसनी प्रतिष्ठा आहे. ती काढण्यावरून बरीच वादावादी झाली, आणि ‘मग नमुना हजारांचा घेतला असता तर?’ असा प्रश्न आला. अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने 1936 च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे 1 कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, 20 लाखांहून अधिक परत आल्या, आणि त्यांच्या आधारे लँडन जिंकतील असे भाकीत केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी 48 पैकी 46 राज्ये जिंकली. पत्ते मुख्यतः दूरध्वनी व मोटारमालकांच्या याद्यांतून घेतले होते आणि उत्तर पाठवणारेही सरसकट मतदारांसारखे नव्हते. निवडीतला दोष संख्या वाढवून जात नाही.

माझी सवय अशी की पहिले वाक्य असे लिहावे, ज्यात नमुना, पद्धत आणि निष्कर्ष एकमेकांपासून तोडताच येणार नाहीत: ‘सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर पाठवलेली ऑनलाइन प्रश्नावली भरणाऱ्या 214 जणांपैकी 176 जणांनी, म्हणजे 82 टक्क्यांनी, सेवा समाधानकारक असल्याचे सांगितले.’ वाक्य लांबते आणि त्याची बातमी होत नाही, अशी तक्रार येते. न होऊ दे. त्यानंतर प्रश्नाचे मूळ शब्द, सर्वेक्षणाचा काळ आणि फॉर्म किती जणांपर्यंत पोहोचला याची माहिती द्यावी. ती नसेल तर प्रतिसादाचे प्रमाण काढता येत नाही असे स्पष्ट लिहावे. मग मुख्य निष्कर्ष, आणि तपशील त्याच्या मागे.

तपशिलातली नेहमीची चूक म्हणजे लहान गटांची टक्केवारी. याच अहवालात एका प्रभागाचे ‘73 टक्के’ दिमाखात आलेखावर उभे होते. ते 11 पैकी 8 जण होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या कोष्टकांत 25 ते 49 प्रकरणांवर आधारलेली टक्केवारी कंसात देतात, आणि 25 पेक्षा कमी असतील तर आकड्याऐवजी तारांकन छापतात. एवढ्या मोठ्या सर्वेक्षणाला जे पाळावेसे वाटते, ते आपण टाळण्याचे कारण नाही. मी प्रत्येक स्तंभाच्या माथ्यावर उत्तरदात्यांची संख्या लिहिल्याशिवाय कोष्टक पुढे जाऊ देत नाही.

एकाहून अधिक उत्तरे निवडता येणाऱ्या प्रश्नासाठी वर्तुळालेख काढू नये. बेरीज शंभरावर जाते. दोनशे माणसांच्या नमुन्यात 82.24 टक्के लिहू नये.

‘वेळ व निधीच्या अभावी काही मर्यादा राहिल्या’ हे वाक्य मात्र मी दिसताक्षणी खोडतो, कारण ते कोणत्याही अहवालाला चिकटवता येते. मर्यादा लिहिताना कोण सुटले आणि त्यामुळे आकडा कोणत्या बाजूला झुकला असावा, हे सांगावे लागते. इथे वस्त्या सुटल्या होत्या आणि स्मार्टफोन न वापरणारे वृद्धही सुटले होते. त्यांपैकी वस्त्यांमुळे समाधानाचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसत असण्याची शक्यता मोठी आहे, तर वृद्धांमुळे ते कोणीकडे झुकले हे या माहितीवरून सांगता येत नाही, असे दोन्ही लिहायला हवे होते. शिवाय मर्यादांची जागा शिफारशींच्या आधी असते. त्या अहवालात त्या शिफारशींनंतर होत्या, आणि पहिलीच शिफारस ‘नव्या घंटागाड्यांची आवश्यकता नाही’ अशी होती.