टर्बोचा दाब बरोबर, तरी गाडी ओढत नाही

आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा कोर्स करून जी पोरं हिंगणघाटकडच्या गॅरेजात काम शिकायला येतात, त्यांना टर्बो खोलायची फार घाई असते. मी त्यांना आधी इंटरकूलरसमोर उभं करतो. जिनिंगच्या या पट्ट्यात ‘गाडी ओढत नाही’ या तक्रारीचं मूळ बरेचदा तिथंच सापडतं.

मार्चअखेरीस कापसाच्या गाठी वाहणारा एक ट्रक आला होता. ड्रायव्हर म्हणाला, ‘‘भाऊ, थंडीत बरी चालत होती. आता दुपारी भरून निघालो की चढावर दम सोडते, काळा धूर मारते.’’ गाडीला दाबाचं मीटर लावून भरल्या गाडीनं चढावर नेलं. मीटर १ बार दाखवत होतं, म्हणजे जेवढा हवा तेवढाच दाब. टर्बो ठीक होता. पाईप फुटला असता तर दाब कमी दिसला असता, सूं असा आवाज आला असता आणि क्लिपजवळ तेलाचा ओला डाग असता. तसं काहीच नव्हतं.

इथं नवीन मुलगा अडतो. दाब पुरेसा आहे म्हणजे हवाही पुरेशी आहे, असं त्याला वाटतं. पण इंजिनाला हवी असते हवेतली प्राणवायूची मात्रा, आणि ती दाबाइतकीच तापमानावरही ठरते. टर्बो हवा दाबतो तेव्हा दाबण्याचं काम हवेत उष्णता होऊन उतरतं. बाहेर ४० अंश असताना १ बारचा बूस्ट घेतला, तर टर्बोतून निघणारी हवा सहज १३५ अंशांच्या आसपास असते. गरम हवा पसरते. म्हणून दाब तोच असला तरी सिलिंडरमध्ये हवेचं वजन कमी जातं. डिझेल मात्र तेवढंच पडतं, ते पूर्ण जळत नाही, आणि जे जळत नाही ते काळ्या धुरातून बाहेर येतं.

इंटरकूलरचं काम एवढंच, की ही तापलेली हवा ॲल्युमिनियमच्या चपट्या नळ्यांतून न्यायची आणि नळ्यांमधल्या पातळ फिन्सवरून बाहेरचा वारा जाऊ द्यायचा. दोन्ही हवा एकमेकींत मिसळत नाहीत, फक्त उष्णता धातूतून पलीकडे जाते.

आम्ही तारेचा सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर घेतला. त्याची एक तार इंटरकूलरच्या आत जाणाऱ्या पाईपवर आणि दुसरी बाहेर येणाऱ्या पाईपवर घट्ट बांधली, वरून कापड गुंडाळलं आणि केबिनमध्ये बसून आकडे पाहिले. लेझरवाली गन चकचकीत ॲल्युमिनियमवर चुकीचा आकडा देते, आणि उभ्या गाडीत रेस देऊन हे मोजता येत नाही, कारण लोडशिवाय बूस्ट नीट बनत नाही. चढावर आत जाणारी हवा १३५ अंश होती आणि बाहेर येणारी ९०. एवढ्या बूस्टला ती ६० ते ६५ पर्यंत उतरायला हवी होती.

इंटरकूलरचे बोल्ट सोडून तो पुढे ओढला. रेडिएटर आणि त्याच्यामध्ये रुईचे तंतू, धूळ आणि तेलाची वाफ मिळून गोधडीसारखा थर जमला होता. समोरून पाहिलं तर जाळी स्वच्छच दिसायची. हंगामात हा थर जमत गेला, पण हवा थंड होती म्हणून कळला नाही. ऊन वाढलं तसा उघडा पडला. थर हातानं काढला, मग पंख्याच्या बाजूनं पुढच्या बाजूकडे हलका वारा आणि साधं पाणी मारलं. वॉशिंगचा जोराचा फवारा जवळून मारू नका, फिन्स वाकतात आणि वाट कायमची बंद होते.

पुन्हा त्याच चढावर बाहेर येणारी हवा ६२ अंश निघाली. हिशेब करताना अंशांत २७३ मिळवायचे: ९० चे ३६३, ६२ चे ३३५. ३६३ ला ३३५ नं भागलं की १.०८ येतात, म्हणजे त्याच दाबाला हवा सुमारे ८ टक्के जास्त. इंटरकूलर नसताच तर १३५ चे ४०८ धरून हाच फरक २२ टक्के झाला असता. धूर गेला, ओढ परत आली.

इंटरकूलर बाहेरच्या हवेपेक्षा थंड हवा देऊ शकत नाही, त्यामुळे मे महिन्यात ४५ अंशाच्या दुपारी गाडी पहाटेसारखी ओढणार नाही. ड्रायव्हरला हे आधीच सांगून ठेवा. कुणी जुन्या टर्बो इंजिनाला नुसता इंटरकूलर बसवून मागितला, तर त्यालाही समजावून सांगा. थंड हवेमुळे जास्त डिझेल जाळायला जागा होते, पण ताकद डिझेलातून येते. पंप तसाच ठेवला तर धूर आणि एक्झॉस्टची गरमी कमी होईल, ओढ मात्र फारशी वाढणार नाही.