सात ते चार ठिपक्यांची रांगोळी शूट करताय? या चुका टाळा

दिवाळीच्या तोंडावर इंदूरच्या रामबागेत एखाद्या ओट्यावर फोन उलटा टांगून शूटिंग चाललेलं दिसलं, तर नवल नाही. रांगोळी सुरेख येते, पण बघणाऱ्याची चुकते. बहुतेकदा घोळ असतो तो ठिपके मोजून सांगण्यात.

‘सात ते चार’ घ्या. मधली ओळ ७ ठिपक्यांची, तिच्या वर ६, ५, ४ आणि खालीही ६, ५, ४, एकूण ३७. “सात, सहा, पाच, चार, आणि खाली तसंच” असं म्हटलंत, की नवशिकी खालीही सातापासूनच सुरू करते आणि ठिपके ४४ होतात. त्यापेक्षा असं बोला: “मधली ओळ. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. आता वर सहा. पहिला ठिपका खालच्या पहिल्या-दुसऱ्याच्या मधोमध.” वरचं झालं की म्हणा, “साताची ओळ पुन्हा नाही, तिच्याखाली थेट सहा.” शेजारच्या हिंदी भाषक काकूही बघणार असतील तर ‘बीच में’ म्हणायला लाजू नका. ओळ झाली की हात बाजूला घेऊन दोन सेकंद थांबा, नाहीतर वरून नुसती मनगटच दिसते.

रेघा ओढण्याआधी कडा मोजा. सहाही कडांवर चार-चार ठिपके हवेत. कुठे तीन किंवा पाच आले, तर त्या बाजूची ओळ सरकली आहे. तेवढीच ओळ आणि तिच्या बाहेरच्या ओळी कोरड्या मऊ ब्रशने झाडून पुन्हा टाका. ओल्या कापसाने गेरू उठतो आणि डाग कॅमेऱ्यात रांगोळीपेक्षा जास्त दिसतो.

आता मधल्या ठिपक्यापासून सहा दिशांना पाकळ्या काढा. प्रत्येक पाकळी एक ठिपका पोटात घेऊन पुढच्या ठिपक्यावर मिटते. आडव्या दोन नेटक्या आणि तिरप्या चार लांबट दिसल्या, तर हात नव्हे, अंतर चुकलंय. ओळीत ठिपके २ सेंटीमीटरवर असतील तर दोन ओळींतलं अंतर साधारण पावणेदोन हवं. तिथेही २ ठेवलं की फूल ताणलं जातं. हे मागाहून सुधारत नाही, ठिपके नव्याने घालावे लागतात.

मात्र दोष फोनचाही असू शकतो. आधी फ्रेममध्ये गोल ताटली ठेवून बघा. ती लंबगोल दिसली तर फोन कललाय. आणि तुम्ही “वरची ओळ” म्हणताना पडद्यावर खालची भरत असेल, तर फोन उलट्या दिशेने लावलाय. पुन्हा शूट करायची गरज नाही, एडिटिंगमध्ये चित्र १८० अंशांत फिरवा.