दारातली चिमुकली जागा: शूरॅक, हुक आणि बैठक बसवताना या चुका टाळा

दाराशी जागा कमी असली की आपण भिंतीची लांबी मोजतो आणि तेवढ्या लांबीचा शूरॅक घेऊन येतो. खरी अडचण खोलीची असते. भिंतीपासून किती सेंटीमीटर पुढे आलेलं चालेल, हे त्या जागेत दर हातभर अंतरावर बदलतं. दार फिरतं तिथे एक माप, माणूस बसतो तिथे दुसरं, आणि कपडे लटकतात तिथे तिसरं.

समजा, 120 सेंटीमीटर रुंद आणि 160 लांब असा पॅसेज आहे. दार 90 सेंटीमीटरचं, आत उघडणारं. बिजागरी उजव्या भिंतीपासून 10 सेंटीमीटरवर, म्हणजे दाराच्या डाव्या बाजूला 20 सेंटीमीटर भिंत उरते. पलीकडच्या टोकाला घर सुरू होतं. पुढची सगळी मापं याच पॅसेजची आहेत. तुमच्याकडे आकडे वेगळे असतील, हिशोब मात्र असाच करायचा.

पहिली चूक: दाराची फेरी न आखता सामान ठरवणं

दार पूर्ण उघडलं की ते उजव्या भिंतीला समांतर उभं राहतं आणि त्या भिंतीची पहिली 90 सेंटीमीटर व्यापतं. तिथे शूरॅक ठेवला तर दार अर्धंच उघडेल. मग सामान घेऊन आत येणारा प्रत्येक जण तिरका होऊन येईल. दारामागची ती मोकळी जागा वाया जातेय असं वाटत राहतं, पण ती दाराचीच आहे. तिथे हुक लावून जाड जॅकेट अडकवलं तरी दार स्प्रिंगसारखं परत येतं.

डावीकडची 20 सेंटीमीटरची पट्टी मात्र खरंच मोकळी आहे, कारण दाराची कड तिथवर पोहोचतच नाही. म्हणून 17-18 सेंटीमीटर खोलीचा, पुढे झुकणाऱ्या फ्लॅपचा शूरॅक या भिंतीला दारापासून पहिल्या 90 सेंटीमीटरमध्ये बसवायचा. दार उघडं असतानाही त्याच्या आणि शूरॅकच्या मध्ये 88 सेंटीमीटर वाट राहते. दार अर्धवट उघडं असताना फ्लॅप ओढला तर दोन्ही एकमेकांना आपटतील, तेवढी मर्यादा स्वीकारावी लागते.

उजव्या भिंतीवर दार संपल्यावर 70 सेंटीमीटर उरतात. त्यातली 5 मोकळी सोडून 65 सेंटीमीटर रुंद बैठक. तिच्या समोरच्या भिंतीला जमिनीवर काहीही ठेवायचं नाही. इथेच मोह होतो, कारण शूरॅक पूर्ण 160 सेंटीमीटर ताणता येतो. पण मग 35 खोलीची बैठक आणि 18 चा शूरॅक यांच्यामध्ये जेमतेम 67 सेंटीमीटर राहतात. चालायला ते कसेबसे पुरतात. बसून, वाकून नाडी बांधायला पुरत नाहीत.

सामान आणण्याआधी जमिनीवर मास्किंग टेपनं शूरॅक आणि बैठकीचे चौकोन आखा, बैठकीच्या जागी खुर्ची ठेवा आणि दोन दिवस तसंच वावरा. बूट घालताना पाय टेपच्या पलीकडे किती जातात ते नीट दिसेल.

दुसरी चूक: जोड्यांची संख्या मोजणं, बुटांची मापं न मोजणं

“बारा जोड्यांचा शूरॅक” हा आकडा बहुधा सडपातळ बुटांवर बेतलेला असतो. मोठ्या माणसाचा जाड तळाचा स्पोर्ट शू 30 सेंटीमीटर किंवा थोडा जास्तच लांब भरतो, आणि जोडी शेजारी ठेवली तर 22 ते 24 सेंटीमीटर रुंदी खाते. चपलांची किंवा बारीक बुटांची जोडी 18-20 मध्ये मावते.

फ्लॅपच्या शूरॅकमध्ये बूट तिरके उभे राहतात, म्हणूनच खोली इतकी कमी लागते. पण त्याच कारणानं लांब बूट आत नीट बसत नाही. फ्लॅप बोटभर उघडाच राहत असेल, किंवा बंद करताना थोडा जोर लावावा लागत असेल, तर बिजागरीत दोष शोधण्याआधी आतला सर्वांत लांब बूट काढून पाहा. शक्य असेल तर घरातला सर्वांत मोठा आणि सर्वांत उंच बूट सोबत नेऊनच शूरॅक पाहावा. घोट्यावर येणारे बूट आणि उंच टाचा इथे सहसा अडकतात.

आपल्या पॅसेजमध्ये 90 सेंटीमीटर रुंदीच्या दोन फ्लॅपमध्ये प्रत्येकी चार, अशा आठ बारीक जोड्या धरा. जाड आणि लांब बुटांची सोय बैठकीखाली.

एक तक्रार नेहमी ऐकू येते: एवढा शूरॅक केला तरी चपला जमिनीवरच पडलेल्या असतात. याचं कारण आळसापेक्षा रचनेत जास्त असतं. रोज चार वेळा निघणारी-चढणारी चप्पल कुणी फ्लॅप उघडून ठेवत नाही. रोजच्या जोड्यांना झाकण नको. त्या पायानंच सरकवून आत जातील अशी जमिनीलगतची उघडी जागा हवी, तीसुद्धा जिथे माणूस बूट काढतो तिथेच.

तिसरी चूक: बैठक शोभेची करणं

बैठकीची उंची 42 ते 45 सेंटीमीटर ठेवा. घरात वयस्कर माणसं किंवा गुडघ्यांचा त्रास असलेलं कुणी असेल तर 47-48. जास्त जोड्या मावाव्यात म्हणून ती 55 पर्यंत नेली की पाय लोंबकळतात आणि नाडीपर्यंत हात न्यायला जास्त वाकावं लागतं. उलट, पेटीसारखी 35 उंचीची बैठक उठताना दमवते. गादी टाकणार असाल तर तिची जाडी या उंचीतच धरा, पण बसल्यावर फोम दबतो हेही लक्षात घ्या.

खोली 35 सेंटीमीटर पुरते. इथे कुणी टेकून तासभर बसत नाही. बुटांच्या हिशोबानंही हेच माप बरं, कारण 30 सेंटीमीटरचा बूट आत जाऊन मागे हवेला जागा राहते.

आता बैठकीखालचा भाग. 18 मिलिमीटर प्लायच्या दोन बाजू वजा केल्या की आत 61 सेंटीमीटर उरतात, म्हणजे साधारण तीन बारीक जोड्या. फळी वाकू नये म्हणून सुतार मधोमध उभा आधार सुचवतो. तो टाकला की प्रत्येकी 30 पेक्षा कमी रुंदीचे दोन कप्पे होतात आणि प्रत्येकात एकच जोडी मावते. एका आधारापायी तिसरी जोडी गेली! त्याऐवजी वरच्या फळीच्या पुढच्या कडेखाली 4 सेंटीमीटर उंचीची, आणि मागे भिंतीलगत तशीच एक, अशा प्लायच्या पट्ट्या उभ्या लावून घ्या. 65 च्या रुंदीला एवढा आधार पुरतो. बैठक मीटरभर रुंद असेल तर मात्र मधला आधार हवाच.

जमिनीपासून पहिला कप्पा 15 सेंटीमीटर वर ठेवा. त्याखालच्या मोकळ्या जागेत रोजच्या तीन जोड्या, वरच्या कप्प्यात दोन जाड जोड्या. बाजूच्या फळ्या थेट फरशीवर टेकवू नका. पुसतानाचं आणि ओल्या बुटांचं पाणी प्लायच्या किंवा पार्टिकल बोर्डच्या कापलेल्या कडेतून वर चढतं. खालची कड फुगलेली आणि लॅमिनेट सुटलेलं दिसलं की हेच झालं असं समजा. फुगलेला बोर्ड पूर्ववत होत नाही. तेवढा भाग कापून खाली प्लास्टिकचे किंवा स्टीलचे पाय लावणं हाच उपाय. नवं करताना वॉटरप्रूफ प्लाय घ्या आणि खालच्या कडेलाही पट्टी चिकटवून घ्या. न दिसणारी कड म्हणून ती बऱ्याचदा उघडीच सोडली जाते.

चौथी चूक: हुक बैठकीच्या डोक्यावर लावणं

चित्रांत हे छान दिसतं. 45 उंचीच्या बैठकीवर बसलेल्या मोठ्या माणसाचं डोकं जमिनीपासून सुमारे 130-135 सेंटीमीटरवर येतं. हुक 160 वर असला तरी त्यावरचे कपडे आणि पिशव्या बरोबर डोक्यामागे लोंबतात, आणि माणूस बैठकीच्या पुढच्या कडेवर कसाबसा टेकतो. लटकलेलं जॅकेट भिंतीपासून 20 ते 25 सेंटीमीटर पुढे येतं. 35 खोलीच्या बैठकीतून ते वजा केलं की बसायला काय उरतं?

म्हणून हुक समोरच्या मोकळ्या भिंतीवर, शूरॅक संपल्यानंतरच्या 70 सेंटीमीटरमध्ये. खाली जमीन रिकामी असल्यानं तिथे वाट अडत नाही. दोन हुकांत 18 सेंटीमीटर अंतर ठेवलं तर चार हुक बसतात, कडेला 8-8 सेंटीमीटर सोडून. मोठ्यांसाठी उंची 160 ते 165. मुलांचे हुक 100 ते 110 वर हवेत, पण मोठ्यांच्या हुकांच्या थेट खाली लावले तर ते कोटांमागे दडतात. तीन हुक वर आणि एका टोकाची जागा वरपासून खालपर्यंत मुलांची, ही वाटणी जास्त टिकते.

हुक निखळण्याचं कारण बहुतेक वेळा स्क्रूची लांबी असतं. गिलावाच दीड-दोन सेंटीमीटर जाड असतो. 25 मिलिमीटरचा स्क्रू जवळजवळ सगळा त्यातच राहतो आणि भरलेली बॅग दोन-चारदा ओढली गेली की प्लगसकट बाहेर येतो. भोकाभोवती पांढरी भुकटी आणि तुटलेला गोल खड्डा दिसला तर रोग हाच. तेच भोक भरून पुन्हा तोच स्क्रू लावू नका. 10 सेंटीमीटर रुंद, 18 मिलिमीटर जाड फळी घ्या. ती 8 मिलिमीटरचे प्लग आणि 70 मिलिमीटरच्या स्क्रूंनी तीन ठिकाणी पक्क्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये घट्ट करा आणि हुक त्या फळीवर लावा. हुकांची जागा पुढे बदलायची झाली तरी भिंत फोडावी लागत नाही. जिप्समची किंवा पोकळ भिंत असेल तर हे प्लग चालत नाहीत. फळी आतल्या धातूच्या उभ्या पट्ट्यांना, त्यांना लागणाऱ्या स्क्रूंनी जोडा, नाहीतर पोकळ भिंतीचे मागे फाकणारे अँकर वापरा. ड्रिल करण्यापूर्वी भिंतीत वायर कुठून गेली आहे ते पाहा. दाराजवळ स्विचबोर्ड असतोच आणि त्याच्या सरळ वर-खाली वायर असण्याची शक्यता सर्वाधिक.

फ्लॅपचा शूरॅकही भिंतीला बांधलेलाच हवा. खोली कमी असल्यानं दोन्ही फ्लॅप एकदम उघडले, किंवा लहान मूल त्यावर लोंबकळलं, तर तो पुढे कलंडतो.

वास येत असेल तर

आधी बूट कोरडे होतात का ते पाहा. ओला बूट बंद कप्प्यात गेला की सुगंधी पुड्यांचा उपयोग होत नाही. बैठकीचा कप्पा मागच्या बाजूनं 3 सेंटीमीटर आखूड ठेवा आणि मागे बंद फळी लावू नका, म्हणजे खालून वर हवा फिरते. तयार शूरॅकच्या दोन्ही बाजूंना वर आणि खाली 35 मिलिमीटरची दोन-दोन भोकं पाडता येतात. बिजागरीसाठी सुतार वापरतो त्याच बिटनं ती होतात, फक्त आतल्या फ्लॅपच्या फिरण्याच्या वाटेत येणार नाहीत हे तपासा. ओल्या बुटांसाठी बैठकीखाली काठ असलेला ट्रे ठेवा आणि पूर्ण वाळल्यावरच ते फ्लॅपमध्ये हलवा.