क्रॉनची ओळ वाचायची कशी, आणि दुसऱ्या शनिवारचा बॅकअप अकरा वेळा का होतोय

बेळगाव, निपाणी, चिक्कोडीकडची बरीच पोरं आता छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात सपोर्टला लागतात आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सर्व्हरचा लॉगिन देऊन सांगतंय की क्रॉन बघून घे. क्रॉन म्हणजे ठरवून दिलेल्या वेळी आपोआप कमांड चालवणारा सर्व्हरवरचा प्रोग्राम. `crontab -l` मारलं की आकडे आणि चांदण्यांची एक ओळ समोर येते, कॉलेजात हे कुणी नीट शिकवलेलं नसतंय, म्हणून लिहायलोय.

ओळीत आधी पाच खाने असतात आणि मग कमांड. डावीकडनं मिनिट (0 ते 59), तास (0 ते 23), तारीख (1 ते 31), महिना (1 ते 12), आणि वार (0 ते 7, त्यात 0 पण रविवार आणि 7 पण रविवार). चांदणी म्हणजे त्या खान्यातलं काहीही चालतंय. क्रॉन दर मिनिटाला घड्याळ बघतोय आणि प्रत्येक ओळीला विचारतोय, आत्ताचं मिनिट, तास, तारीख, महिना, वार जुळतंय काय. जुळलं की चालवतो, एवढंच. मागच्या वेळी कधी चालवलं होतं ते त्याच्या लक्षात नसतंय, आणि हे एक डोक्यात बसलं की पुढच्या निम्म्या गोष्टी आपोआप कळतात.

उदाहरणार्थ `* 2 * * *` हे रात्री दोनला एकदा चालत नाही, दोन वाजल्यापासून 2:59 पर्यंत दर मिनिटाला चालतंय, साठ वेळा. मिनिटाच्या खान्यात चांदणी आहे ना, मग दोनच्या तासातलं प्रत्येक मिनिट जुळणारच की. एकदाच पाहिजे तर तिथं `0`.

स्टेपचं पण तसंच. `*/25` म्हणजे दर पंचवीस मिनिटांनी असं सगळे वाचतात, पण खरं म्हणजे 0 पासून पंचवीसच्या उड्या मारत 59 च्या आत जेवढे आकडे येतात तेवढेच, म्हणजे 0, 25, 50. पन्नासनंतर तास बदलला की परत 0, त्यामुळं मधलं अंतर दहाच मिनिटं. साठला भाग जाणारा आकडा असेल तरच अंतर सारखं राहतंय. तारखेच्या खान्यात `*/2` टाकलात तर 1, 3, 5 असं करत 31 येते आणि लगेच दुसऱ्या दिवशी परत 1, म्हणजे दोन दिवस सलग. रेंजवर पण स्टेप लागते, `9-17/2` तासाच्या खान्यात म्हणजे 9, 11, 13, 15, 17.

आता खरा मुद्दा, तारीख आणि वार. आमच्याकडं एका पतसंस्थेचं काम होतं. दुसऱ्या शनिवारी बँकांना सुट्टी, संस्था पण बंद, म्हणून महिन्याचा मोठा बॅकअप त्या दिवशी पहाटे दोनला घ्यायचा असं ठरलेलं. आधीच्या कुणीतरी ही ओळ लिहून ठेवलेली:

```
0 2 8-14 * 6 /opt/backup/full.sh
```

वाचायला एकदम बरोबर वाटतंय. दुसरा शनिवार नेहमी 8 ते 14 मध्येच येतोय, वार 6 म्हणजे शनिवार, दोन्ही जुळलं की दुसरा शनिवार. तक्रार मात्र वेगळीच येत होती, महिन्याच्या मधल्या आठवड्यात सकाळी पिग्मी एजंट मशीन सिंक करायला येतात तेव्हा सगळं हँग होतंय, आणि डिस्क पण भरत चाललीया. नवीन आलेल्या पोरीनं बॅकअपच्या फोल्डरात `ls -l` मारून तारखा बघितल्या, ऑगस्ट 2025 च्या फाइली होत्या 2, 8, 9, 10, 11, 12, 13, 14, 16, 23 आणि 30 च्या. एक पाहिजे होती, अकरा होत्या. कॅलेंडर शेजारी ठेवलं की लगेच दिसतंय, 2, 9, 16, 23, 30 हे शनिवार, आणि 8 ते 14 सगळेच्या सगळे दिवस.

कारण असं की मिनिट, तास, महिना हे तिन्ही जुळावेच लागतात, पण तारीख आणि वार दोन्ही खान्यांत काहीतरी बंधन घातलं तर क्रॉन त्यातलं कुठलंही एक जुळलं तरी चालवतो. हा बग नाही, ठरवूनच केलंय, म्हणजे `30 4 1,15 * 5` लिहून एक तारीख, पंधरा तारीख आणि शिवाय प्रत्येक शुक्रवार असं मागता येतंय. एकाच खान्यात बंधन असेल, दुसऱ्यात चांदणी, तर मग आपल्याला वाटतंय तसंच होतंय. आणि यात अजून एक गुंता आहे, लिनक्सवरच्या नेहमीच्या क्रॉनमध्ये खाना चांदणीनं सुरू झाला की तो बंधन नसलेला धरला जातोय, म्हणून `0 2 */2 * 6` लिहिलं तर दोन्ही जुळावं लागतंय, म्हणजे विषम तारखेचे शनिवारच. सारख्या दिसणाऱ्या दोन ओळी उलट वागतात ते यामुळं.

मग दुसरा शनिवार लिहायचा कसा? पाच खान्यांत सरळ लिहायला जाऊ नका. तारखेची रेंज क्रॉनला द्या आणि वार कमांडमध्ये तपासा:

```
0 2 8-14 * * [ "$(date +\%u)" = 6 ] && /opt/backup/full.sh
```

`date +%u` सोमवारला 1 देतंय आणि रविवारला 7. त्या `%` च्या आधीचा `\` विसरू नका, क्रॉनटॅबमध्ये नुसता `%` आला की क्रॉन तिथंच ओळ तोडतोय, आणि तीच कमांड टर्मिनलवर व्यवस्थित चालल्यामुळं माणूस तासभर भलतीकडंच शोधत बसतंय.

एवढं करून पण सकाळच्या हँगचं उत्तर मिळालं नव्हतं, कारण बॅकअप पहाटे दोनचा होता ना? `timedatectl` मारल्यावर कळलं, सर्व्हर यूटीसीवर होता. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढं, म्हणून तिथले दोन म्हणजे आपले सकाळचे साडेसात, बरोबर एजंट यायची वेळ. क्लाउडवरचे पुष्कळ सर्व्हर असेच येतात, म्हणून क्रॉन बघायच्या आधी `date` मारून बघायचंच.

आता नुसता तास बदलून चालत नाही. आपल्या शनिवारचे पहाटेचे दोन म्हणजे यूटीसीत शुक्रवारचे रात्री साडेआठ, म्हणजे मिनिट 30, तास 20, आणि वार व तारीख दोन्ही एक दिवस मागं. दुसरा शनिवार 8 ते 14 मध्ये, तर त्याच्या आदला शुक्रवार 7 ते 13 मध्ये:

```
30 20 7-13 * * [ "$(date +\%u)" = 5 ] && /opt/backup/full.sh
```

इथं "दुसरा शुक्रवार" म्हणून 8-14 ठेवलं तर ज्या महिन्यात दुसरा शनिवार 8 तारखेला येतोय त्या महिन्यात बॅकअप एक आठवडा उशिरा होणार, बाकीच्या महिन्यांत सगळं बरोबर दिसणार, त्यामुळं ही चूक लवकर सापडत नाही. ऑगस्ट 2025 ला लावून बघा, शुक्रवार 8 तारीख, यूटीसी 20:30, म्हणजे आपल्याकडं शनिवार 9 तारीख, पहाटेचे दोन. जुळलं.

सर्व्हर एकट्या तुमचाच असेल तर टाइमझोन `Asia/Kolkata` करून क्रॉन सर्व्हिस रीस्टार्ट करणं सोपं, रीस्टार्ट नाही केलं तर तो जुन्याच वेळेवर चालत राहू शकतोय. आमच्या त्या मशीनवर दुसऱ्यांचीही कामं होती म्हणून हात लावला नाही. काही ठिकाणी ओळीच्या वर `CRON_TZ=Asia/Kolkata` लिहून भागतंय, पण ते रेडहॅटच्या जातीच्या सिस्टिमवर जो cronie नावाचा क्रॉन असतोय त्यात चालतंय, डेबियनच्या जुन्या क्रॉनमध्ये नाही, आणि न चालल्याचं तो सांगतही नाही. म्हणून ते वापरलंत तर आधी पाच मिनिटांनंतरची आपली वेळ टाकून एक नुसती `date` ची ओळ फाइलीत लिहायला लावा, आणि फाइल खरंच त्या वेळेला बनतीया का ते बघा.