किनाऱ्याची लांबी मोजताना या चुका टाळा : पट्टी लहान होते तशी लांबी का वाढते

स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यामधली सरहद्द एकच आहे, तरीही तिची लांबी एका नोंदीत ९८७ किलोमीटर, तर दुसऱ्या नोंदीत १२१४ किलोमीटर अशी दिलेली आढळते. शेजारी देशांतील युद्धे आणि त्यांची सामाईक सरहद्द यांचा काही संबंध आहे का, हे तपासताना ब्रिटिश शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांच्या नजरेस असे आकडे पडले. त्यांनी नकाशावरील सरहद्दी आणि समुद्रकिनारे निरनिराळ्या लांबीच्या पावलांनी मोजून पाहिले आणि मोजणीचे पाऊल जितके आखूड, तितकी एकूण लांबी अधिक भरते, असे त्यांना आढळले. हे काम त्यांच्या निधनानंतर १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९६७ मध्ये गणितज्ञ बेनुआ मँडेलब्रॉट यांनी ब्रिटनच्या किनाऱ्यावरील आपल्या लेखात त्याला भूमितीची बैठक दिली. आज नकाशावर किंवा संगणकावर हाच प्रयोग करणारे अनेकजण ठराविक ठिकाणी अडखळतात. त्यांतील काही चुका निव्वळ समजुतीच्या असतात, काही हाताच्या असतात, तर काही नकाशाच्या माहितीतच दडलेल्या असतात.

वाढ दिसली म्हणजे मोजणी चुकली, असे मानणे

सर्वांत मूळ चूक हीच आहे. लांब पट्टीने मोजताना वळणे सुटतात आणि आखूड पट्टीने ती सापडतात, इथपर्यंत बहुतेकांना पटते. मात्र पट्टी पुरेशी आखूड केली की आकडा कुठेतरी थांबेल आणि तीच खरी लांबी असेल, असे ते गृहीत धरतात. गुळगुळीत वक्राच्या बाबतीत हे गृहीतक अगदी बरोबर आहे, म्हणून आधी त्याच्यावरच हात बसवून घ्यावा.

१०० किलोमीटर त्रिज्येचे एक वर्तुळाकार बेट घेऊ. त्याचा परीघ सुमारे ६२८.३ किलोमीटर आहे. १०० किलोमीटरच्या पट्टीने त्याच्या कडेने बरोबर सहा पावले पडतात आणि लांबी ६०० किलोमीटर भरते. पट्टी ५० किलोमीटरची केली की सुमारे ६२१.७, २५ ची केली की ६२६.७ आणि साडेबाराची केली की ६२७.९ किलोमीटर मिळतात. वाढ होते आहे, पण ती २१.७, मग ५, मग १.२ किलोमीटर अशी दरवेळी साधारण पावपट होत जाते. कमानीचा तुकडा जसजसा लहान घ्यावा तसतसा तो सरळ रेषेसारखा होतो, त्यामुळे लहान पट्टीला सापडण्यासारखे नवे काही उरत नाही.

आता ब्रिटनचा किनारा पाहू. १०० किलोमीटरच्या पट्टीने तो सुमारे २८०० किलोमीटर आणि ५० किलोमीटरच्या पट्टीने सुमारे ३४०० किलोमीटर भरतो. किनारा वर्तुळासारखा असता, तर पुढच्या अर्ध्या पट्टीला १५० किलोमीटरच्या आसपास वाढ मिळायला हवी होती. प्रत्यक्षात ही वाढ आटत नाही. दोन पावलांमधल्या सरळ रेषेने ओलांडलेल्या आखातात आणखी लहान आखाते असतात, त्यांच्या काठावर खाचा असतात आणि त्या खाचांच्या कडेला खडकांचे कोपरे असतात. प्रत्येक पातळीवर साधारण त्याच प्रमाणात वाकडेपणा शिल्लक असल्याने पट्टी निम्मी केली की लांबी दरवेळी साधारण त्याच पटीने वाढते. हीच गोष्ट सूत्रात अशी मांडतात:

`L = F × G^(1−D)`

यात `G` म्हणजे पट्टीची लांबी, `L` म्हणजे मिळालेली एकूण लांबी, `F` हा त्या किनाऱ्याचा स्थिरांक आणि `D` ही किनाऱ्याची मिती, म्हणजे त्याचा वाकडेपणा सांगणारी संख्या. `D` एक असेल तर पट्टी बदलून फरक पडत नाही. रिचर्डसन यांच्या मोजणीनुसार दक्षिण आफ्रिकेच्या सरळसोट किनाऱ्यासाठी `D` सुमारे १.०२, ऑस्ट्रेलियासाठी १.१३ आणि ब्रिटनच्या दंतुर पश्चिम किनाऱ्यासाठी १.२५ येतो. म्हणजे पट्टी निम्मी केल्यावर पहिल्याची लांबी दीड टक्क्यानेही वाढत नाही, दुसऱ्याची नऊ टक्क्यांहून थोडी अधिक वाढते आणि तिसऱ्याची जवळजवळ एकोणीस टक्के वाढते. माझ्या मते या साऱ्या विषयाचा गाभा इथे आहे. किनाऱ्याचा स्वतःचा म्हणावा असा गुण लांबीत सापडत नाही, तो या वाढीच्या दरात सापडतो. म्हणून पुढच्या सर्व चुकांकडे पाहताना एकच प्रश्न विचारावा, की या चुकीने तो दर किती बिघडतो.

पावले टाकताना होणाऱ्या चुका

डिव्हायडरचे दोन पाय ठराविक अंतरावर उघडून ते किनाऱ्यावरून चालवत नेणे, ही मूळ पद्धत आहे आणि संगणकावरही तीच वापरली जाते. ती वाटते तितकी निःसंदिग्ध नाही. एक पाय रोवून दुसरा फिरवला, की तो किनाऱ्याला अनेकदा एकाहून अधिक ठिकाणी छेदतो. अरुंद तोंडाच्या खोल आखाताजवळ तर हे हमखास घडते. किनाऱ्याच्या कडेने पुढे जाताना जो छेद सर्वांत आधी येतो तो घ्यावा, हा नियम पक्का ठेवावा लागतो. कधी पहिला आणि कधी पलीकडचा छेद घेतला, तर काही आखाते मोजली जातात, काही गळतात आणि हे गळणे प्रत्येक पट्टीला वेगळे असते.

त्याहून अधिक नुकसान शेवटच्या अर्धवट पावलामुळे होते, कारण ते किरकोळ वाटते. ब्रिटनच्याच उदाहरणात १०० किलोमीटरची २८ पावले टाकल्यावर शेवटी ५० किलोमीटरचा तुकडा उरला आहे, असे समजू. एकाने तो सोडून २८०० लिहिले, दुसऱ्याने तो मिळवून २८५० लिहिले आणि ५० किलोमीटरच्या पट्टीचा आकडा दोघांनीही ३४०० च घेतला. पहिल्याचे गणित `log(3400/2800) / log 2 = 0.28` असे होते, म्हणजे `D` १.२८ येतो. दुसऱ्याचा `D` १.२५ येतो. लांबीतला फरक दोन टक्क्यांहून कमी आहे, पण मितीच्या अपूर्णांकात, म्हणजे ज्या भागात सगळा अर्थ आहे त्या भागात, तो दहा टक्क्यांच्या आसपास जातो. उरलेला तुकडा त्याच्या सरळ अंतराइतका मिळवावा, सर्व पट्ट्यांना हाच नियम लावावा आणि प्रत्येक पट्टीची मोजणी चार-पाच वेगळ्या ठिकाणांहून सुरू करून सरासरी घ्यावी. सुरुवातीची जागा बदलल्यावर आकडा बराच हलत असेल, तर ती पट्टी त्या किनाऱ्यासाठी फार लांब आहे, असे समजावे. दोनच पट्ट्यांवरून `D` काढणे तर टाळावेच. निदान पाच-सहा पट्ट्या घ्याव्यात आणि लांबी व पट्टी या दोहोंचे लॉग घेऊन आलेख काढावा. बिंदू साधारण एका सरळ रेषेत उतरले, तरच त्या रेषेच्या उताराला अर्थ आहे.

नकाशात नसलेला तपशील मोजणे

आता संगणकावरची चूक. किनाऱ्याची फाईल म्हणजे एकमेकांना जोडलेल्या बिंदूंची साखळी असते आणि दोन बिंदूंमध्ये सरळ रेषेशिवाय काही नसते. हे बिंदू सरासरी एक किलोमीटर अंतरावर असतील आणि पट्टी २०० मीटरची घेतली, तर आपण किनारा मोजत नसून नकाशा काढणाऱ्याने ओढलेल्या रेघा मोजत असतो. याचे लक्षण लॉगच्या आलेखात स्पष्ट दिसते: मोठ्या पट्ट्यांकडे तिरकी असलेली रेषा डावीकडे येताना अचानक आडवी होते. ते पाहून किनाऱ्याची खरी लांबी अखेर सापडली, असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात तिथे नकाशाचा तपशील संपलेला असतो. बिंदूंमधल्या अंतराच्या काही पटींहून लहान पट्टी घेऊ नये. त्याहून लहान हवीच असेल, तर अधिक तपशिलाचा नकाशा मिळवावा.

उपग्रहाच्या चित्रावरून किनारा काढला असेल, तर चूक उलट बाजूने होते. पाणी आणि जमीन यांच्यातली सीमा पिक्सेलच्या कडांनी मोजली, की प्रत्येक तिरका किनारा पायऱ्यापायऱ्यांचा बनतो. ४५ अंशांत धावणारा १० किलोमीटरचा सरळ किनारा असा मोजला तर १४.१ किलोमीटर भरतो, आणि पिक्सेल कितीही लहान केले तरी हा आकडा बदलत नाही, कारण पायऱ्या लहान होतात तशी त्यांची संख्या वाढते. पट्टी मोठ्याकडून पिक्सेलच्या आकाराकडे नेताना ही खोटी लांबी मध्येच खऱ्या वाढीत मिसळते आणि `D` फुगतो. एक साधी तपासणी करावी. त्याच चित्रात तिरकी सरळ रेषा आणि एक वर्तुळ काढून त्यांचीही मोजणी त्याच पद्धतीने करावी. रेषेचा `D` एकहून स्पष्टपणे वर आला, तर दोष पद्धतीत आहे.

सूत्र वाटेल तिथपर्यंत ताणणे

लांबी वाढतच जाते म्हणून किनारा अनंत लांबीचा आहे, असे विधान सर्रास केले जाते. गणिती वक्राच्या बाबतीत ते खरे असू शकते, पण ओल्या वाळूच्या किनाऱ्याबाबत त्याला आधार नाही. वरच्या दोन मोजणीदारांनी आपापले सूत्र एक मीटरच्या पट्टीपर्यंत ताणले, तर पहिल्याला सुमारे ७० हजार आणि दुसऱ्याला सुमारे ५३ हजार किलोमीटर मिळतील, आणि दोन्ही आकडे सारखेच निराधार असतील. ५० ते १०० किलोमीटरच्या मोजणीवरून पन्नास हजार पट लहान पट्टीचे भाकीत करताना वाकडेपणाचा दर मधल्या सर्व पातळ्यांवर तोच राहतो, असे धरावे लागते. दगडी कडा, दलदल आणि वाळूचा लांब पट्टा यांचा दर तसा राहत नाही. शिवाय मीटरच्या पातळीवर भरती-ओहोटीने रेषाच सरकते, त्यामुळे कोणत्या पाण्याची रेषा मोजायची, हे ठरवल्याशिवाय प्रश्नच पुरा होत नाही. नदीच्या मुखात किती आत जायचे, हेही आधीच ठरवावे. लांब पट्टी मुख सरळ ओलांडते, आखूड पट्टी दोन्ही काठांनी आत शिरते आणि मर्यादा घातली नसेल तर ती नदीच मोजू लागते.

क्षेत्रफळाला मात्र ही अडचण येत नाही, हे जाता जाता नोंदवतो. पट्टी आखूड केली की बेटाचे क्षेत्रफळ एका ठराविक आकड्याकडे स्थिरावत जाते.

निरनिराळ्या पट्ट्यांचे आकडे शेजारी ठेवणे

ऑस्ट्रेलियाचा किनारा सीआयएच्या वर्ल्ड फॅक्टबुकमध्ये २५,७६० किलोमीटर दिलेला होता, तर वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या आकडेवारीत तो ६६,५३० किलोमीटर आहे. यांतला एक आकडा एका देशासाठी आणि दुसरा दुसऱ्या देशासाठी उचलून कोणाचा किनारा मोठा हे ठरवले, तर ती तुलना देशांची होत नाही, मोजणीच्या पद्धतींची होते. दोन किनाऱ्यांची तुलना करायची असेल, तर एकाच प्रमाणाच्या नकाशावर, त्याच पट्टीने, बेटांचा आणि नदीमुखांचा तोच नियम लावून दोन्ही स्वतः मोजावेत. इतके करूनही पट्टी बदलल्यावर क्रम पालटू शकतो: लांब पट्टीला मागे असलेला दंतुर किनारा आखूड पट्टीला पुढे जातो, कारण त्याचा `D` मोठा असतो. म्हणून निकाल लिहिताना लांबीच्या आकड्याशेजारी पट्टीची लांबी, नकाशाचे प्रमाण, पाण्याची कोणती रेषा धरली ते आणि `D` ज्या दोन मर्यादांमध्ये काढला त्या पट्ट्या, इतके तरी नोंदवावे, म्हणजे दुसऱ्याला तीच मोजणी पुन्हा करून तपासता येते.